‘बरं’ म्हणून उठून गेलेला पेशंट

नाना पहिल्यांदा माझ्याकडे आले ते मे महिन्यात, बीपीच्या गोळ्या संपल्या म्हणून. वय सत्तेचाळीस. इंदूरच्या एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये एका ठोक व्यापाऱ्याकडे हिशेब बघतात, राहायला सुदामा नगरात. बीपी १५८/९८, दोन गोळ्या चालू असताना. रात्री छातीत जळजळ, सकाळी तोंड कडू. (नाना हे त्यांचं खरं नाव नाही, आणि ओळख पटेल असे बारीक तपशील मी बदलले आहेत.)

माझं क्लिनिक दोन खोल्यांचं, संध्याकाळच्या ओपीडीला चाळीस-पंचेचाळीस पेशंट. बाहेर बसलेली मुलगी चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाकडून ऑडिट भरून घेते. ही जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची चाचणी, गुण शून्य ते चाळीस. आठ ते पंधरा आले तर थोडक्यात सल्ला, सोळा ते एकोणीस आले तर समुपदेशन आणि पाठपुरावा, वीस किंवा जास्त आले तर व्यसनाधीनतेची नीट तपासणी. नानांचे गुण आले तेरा.

तेरा म्हणजे सल्ल्याचा गट, म्हणून मी सल्ला दिला. चार मिनिटं. ती चार मिनिटं मला अजून जशीच्या तशी आठवतात, कारण या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी चूक तिथेच झाली.

“नाना, दारूचे गुण तेरा आलेत. आठाच्या वर गेलं की धोका. बीपी आटोक्यात येत नाही ते त्यामुळेच.”

“बरं.”

“लिव्हरवरही परिणाम होतो. एक तारीख ठरवा आणि सोडून द्या.”

“बरं. तसं मी हिशेबात घेतो डॉक्टरसाहेब. एकच क्वार्टर. मार्केटमध्ये तर लोक...”

“क्वार्टर काही थोडी नाही.”

“बरं, बघतो.”

तीन वेळा ‘बरं’ आणि शेवटी ‘बघतो’. मी फाइलवर लिहिलं, ‘सल्ला दिला, पेशंट तयार’. दोन आठवड्यांनी बोलावलं होतं, नाना आले नाहीत. पुढचे सात आठवडे त्यांचा पत्ता नव्हता.

मराठीत ‘बरं’ हा संभाषण संपवण्याचा सगळ्यात सभ्य शब्द आहे. तो होकार नसतो, नकारही नसतो, समोरच्याचा मान ठेवून उठण्याची ती परवानगी असते. सल्ल्यानंतर पेशंट वाद घालत असेल तर निदान डॉक्टरला कळतं की काहीतरी बिनसलंय. ‘बरं’ ऐकून डॉक्टर खूश होतो आणि पुढच्या पेशंटची बेल वाजवतो.

चूक दोन पातळ्यांवर होती. एक म्हणजे तेरा हा आकडाच खोटा होता, ते पुढे कळलं. दुसरी म्हणजे मी त्यांना ‘तारीख ठरवा’ म्हणालो. तारीख ठरवणं हे तयारी झालेल्या माणसाचं काम. नानांच्या मनात अजून प्रश्नच पुरता उभा राहिला नव्हता.

जूनच्या मध्यावर नानांच्या पत्नी, वहिनी, एकट्या आल्या. पर्समधून एक पुडी काढून टेबलावर ठेवली. आपल्याकडे भिंतींवर, बसच्या मागे, ‘बिना बताए शराब छुड़ाएँ’ अशा जाहिराती रंगवलेल्या असतात, तसल्याच एका ठिकाणाहून आणलेली. “भाजीत घातली तर कळणार नाही म्हणतात. घालू का?”

अशा पुडीत नेमकं काय आहे ते बघून सांगता येत नाही. त्यात डायसल्फिराम असेल तर धोका मोठा. हे औषध शरीरात दारूचं विघटन अर्ध्यावर अडवतं. मग अ‍ॅसिटाल्डिहाइड साचतं, चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी खाली कोसळू शकतं. तज्ज्ञ हे औषध देतात, पण ज्याला द्यायचं त्याला सगळं समजावून, त्याच्या संमतीनं, तपासण्या करून, घरच्यांच्या देखरेखीखाली. बीपीच्या दोन गोळ्या घेणाऱ्या माणसाला ते भाजीतून गुपचूप द्यायचं आणि रात्री त्यानं क्वार्टर उघडायची, याला उपचार म्हणता येणार नाही. वहिनींना मी हे सगळं सांगितलं आणि पुडी ठेवून घेतली.

त्यांनी मग विचारलं, “ते तुम्हाला काय म्हणाले?” ते मी सांगितलं नाही. वाईट वाटलं, पण नाना परत येतील तेव्हा आपली गोष्ट घरी पोचली नाही एवढी खात्री त्यांना हवी होती. स्वतः वहिनींची झोप उडाली होती, त्यांच्यासाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून दिला. आणि एकच विनंती केली: पिऊन आल्यावर रात्री त्या विषयावर बोलू नका, सकाळी बोला, आणि बोलाल ते स्वतःच्या काळजीबद्दल बोला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात नाना आले. दुपारी पावणेदोनला, ओपीडी संपल्यावर. गोळ्या संपल्या होत्या, पण कारण वेगळं होतं.

ते समजायला थोडं मागे जावं लागेल. एप्रिल २०२३ पासून मध्य प्रदेशात दारूच्या दुकानांना लागून असलेले, बसून प्यायचे अहाते बंद झाले. तोवर नाना मार्केटमधून निघून अहात्यात बसायचे आणि घरी येऊन झोपायचे. अहाते गेल्यावर क्वार्टर घरच्या गच्चीत आली. धोरण चांगलं की वाईट हा माझा विषय नाही, माझ्या पेशंटच्या बाबतीत पिणं जे लपलेलं होतं ते त्याच्या मुलाच्या नजरेसमोर आलं, एवढंच.

“पोरगं खालच्या दुकानातून सेव-परमल घेऊन आलं,” नाना म्हणाले. “मी सांगितलं नव्हतं. म्हणालं, बाबा, आज बुधवार ना, लागेल तुम्हाला.”

“त्याला वार पाठ झालेत.”

नाना काही बोलले नाहीत. मीही नाही. ती शांतता पंधरा-वीस सेकंदांची असेल. आधीच्या भेटीत मी ती एका सल्ल्यानं भरून टाकली असती.

माझं ते वाक्य प्रश्न नव्हतं. त्यांनी जे सांगितलं त्यातला न बोललेला भाग मी परत त्यांच्यापुढे ठेवला, एवढंच. प्रेरणात्मक मुलाखत, म्हणजे बदलाची कारणं पेशंटच्याच तोंडून यावीत अशी बोलण्याची पद्धत, तिच्यातलं हे मुख्य हत्यार. आपण सगळे प्रश्न विचारण्यात पटाईत असतो, कारण कॉलेजात तेच शिकवलं. पण तीन प्रश्न ओळीनं विचारले की पेशंट साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहतो. एका प्रश्नामागे निदान दोन प्रतिबिंबं, असा हिशेब मी स्वतःसाठी ठेवला आहे. मराठीत ते करताना वाक्याचा शेवट खाली उतरवावा लागतो. ‘त्याला वार पाठ झालेत?’ असं वर चढवलं की ती चौकशी होते.

मग मी बोलायच्या आधी मोजून घेतलं, कारण मोजल्याशिवाय पुढे जाणं धोक्याचं होतं. मेमधल्या फॉर्मवर ‘एका वेळी साधारण किती ड्रिंक घेता’ याला उत्तर होतं ‘एक’. नानांच्या भाषेत ते खरं होतं, एक क्वार्टर म्हणजे एक. पण क्वार्टर म्हणजे १८० मिली. व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे ७७ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात साधारण ६१ ग्रॅम. चाचणीतलं एक ड्रिंक दहा ग्रॅमचं धरलं तर एक क्वार्टर म्हणजे सहा ड्रिंक. दुसऱ्या प्रश्नाचे शून्याऐवजी दोन गुण झाले. ‘एका बैठकीत सहा किंवा जास्त किती वेळा’ या तिसऱ्या प्रश्नाला ‘कधीच नाही’ लिहिलं होतं, तिथे ‘जवळजवळ रोज’ आलं आणि चार गुण वाढले. तेराचे एकोणीस झाले. आता आमचा फॉर्म क्वार्टर, अद्धा आणि नाइंटीमध्येच विचारतो आणि गुणाकार बाहेरची मुलगी करते.

एकोणीस म्हणजे सीमारेषा. एका गुणानं पेशंट व्यसनाधीनतेच्या तपासणीच्या गटात जातो. त्यामुळे आकड्यावर न थांबता मी एकच गोष्ट खोदून विचारली: पीत नाहीत त्या दिवशी काय होतं? रोज भरपूर पिणारा माणूस एकाएकी थांबला तर काही तासांत हात कापायला लागतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फेफरं येऊ शकतं. दोन ते चार दिवसांच्या सुमारास भ्रम होऊन जीव जाण्याची वेळ येऊ शकते. उत्साहाच्या भरात ‘आजपासून बंद’ म्हणायला लावणारा समुपदेशक अशा माणसाला मारू शकतो.

इथे नानांनी स्वतःच उत्तर आणलं. गुरुवारी ते घेत नाहीत, दत्ताचा वार म्हणून. श्रावणात महिनाभर थेंब नाही. “मागच्या श्रावणात पहिल्या तीन दिवसांत काय झालं?” झोप लागली नाही, चिडचिड झाली. हात कापले नाहीत, घाम नाही, सकाळी उठल्यावर ‘एक लागेल’ असं कधी वाटलं नाही. आयुष्यात फेफरं कधी नाही. यातलं एखादं जरी ‘हो’ आलं असतं, तर मी पुढचं सगळं बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवून देखरेखीखाली दारू सोडवायला सांगितलं असतं. रक्त तपासायला दिलं, थायमिन हे जीवनसत्त्व सुरू केलं आणि मग खुर्ची जरा त्यांच्या बाजूला सरकवली.

“संध्याकाळच्या त्या क्वार्टरमध्ये तुम्हाला काय बरं वाटतं?”

ते दचकले. डॉक्टर असं विचारत नाहीत. “दिवसभर दुसऱ्याचे पैसे मोजतो. साडेनऊला शटर पडलं की डोक्यातली बेरीज थांबते.”

“ती तुमची सुट्टी आहे.”

“सुट्टीच! पण हल्ली सकाळी डोकं जड असतं. मागच्या महिन्यात एक एंट्री दोनदा मारली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.”

“ज्या हिशेबातून सुटायला घेता, त्याच हिशेबात आता चुका व्हायला लागल्यात.”

“हो ना. आणि मालक काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.”

दारूचे फायदे आधी विचारल्यामुळे त्यांना बचाव करावा लागला नाही. बचाव करायची गरज संपली की माणूस दुसरी बाजू स्वतःच मांडतो. द्विधा मनाच्या माणसाच्या डोक्यात दोन वकील भांडत असतात. बाहेरून आपण एकाची बाजू घेतली की दुसऱ्याची वकिली त्यालाच करावी लागते. मेमध्ये मी ‘सोडा’ची बाजू घेतली होती, नाना बिचारे क्वार्टरच्या बाजूनं उभे राहिले होते.

इथे एक खास मराठी बारकावा सांगतो. आपल्या बोलण्यात ‘पण’च्या पुढे जे येतं ते खरं मत असतं. ‘सोडायची आहे, पण मार्केटमध्ये जमत नाही’ म्हणणारा आणि ‘मार्केटमध्ये जमत नाही, पण सोडायची आहे’ म्हणणारा, हे दोघे वेगळ्या ठिकाणी उभे आहेत, शब्द तेच असले तरी. मेमध्ये नानांचं ‘पण’ क्वार्टरकडे वळत होतं, जुलैमध्ये ते सकाळच्या जड डोक्याकडे वळलं. आणि आपण परत सांगताना ‘पण’ वापरला की आधीचं अर्धं वाक्य पुसलं जातं, म्हणून मी दोन्ही बाजू ‘आणि’नं जोडतो आणि बदलाची बाजू शेवटी ठेवतो: “संध्याकाळी सुट्टी हवी असते, आणि मुलाला वार पाठ व्हावेत असं वाटत नाही.” शेवटी जे ठेवाल, त्यावर पेशंट पुढे बोलतो.

मग मापपट्टी. “शून्य ते दहामध्ये, पिणं कमी करणं आत्ता तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं?”

“सहा.”

“सहा. तीन का नाही म्हणालात?”

“तीन कसं म्हणू? माझे वडील लिव्हरनं गेले. तेव्हा मी बारावीत होतो. आता पोरगं सहावीत आहे.”

ही वडिलांची गोष्ट फाइलमध्ये कुठेच नव्हती. मी ‘दहा का नाही’ विचारलं असतं तर त्यांनी मला मार्केट, मित्र, ताण ही यादी दिली असती आणि स्वतःच्या तोंडून ती ऐकून आणखी पक्के झाले असते. खालचा आकडा घेऊन विचारलं की माणसाला बदलाची कारणं सांगावी लागतात. युक्ती साधी आहे, पण दर वेळी जीभ ‘दहा का नाही’कडेच वळते.

जमेल याची खात्री किती? “तीन.” शून्य का नाही? “गुरुवार पाळतो ना. पंधरा वर्षं.”

आणि इथे मी पुन्हा घसरलो. गाडी रुळावर आली या आनंदात म्हणालो, “मग आजपासूनच का नाही?” नाना लगेच: “आजपासून कसं, शनिवारी मालकांच्या मुलाचं रिसेप्शन आहे.” एका वाक्यात आम्ही दोघं मेमध्ये जाऊन पोचलो. असं झालं की कळतं, कारण पेशंटची वाक्यं एकदम अडचणींनी सुरू होतात. उपाय एकच, कबूल करायचं. “मी घाई केली. तुम्ही अजून विचार करताय.” नाना हसले. “विचार तर करतोय.”

सवय बदलणाऱ्या माणसाच्या वाटचालीचे टप्पे पाडले जातात. तर नाना त्या दिवशी कुठल्या टप्प्यावर होते?

हे टप्पे प्रोचास्का आणि डिक्लेमेंट या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ च्या निबंधात मांडले ते सिगारेट स्वतःच्या बळावर सोडणाऱ्या लोकांचा अभ्यास करून. आज ते साधारण पाच सांगितले जातात: विचारच नाही, विचार चालू, तयारी, कृती आणि टिकवणं. बदल सहा महिन्यांत करायचा विचार असेल तर दुसरा टप्पा, महिन्याभरात करणार असाल तर तिसरा. हे सहा महिने आणि तीस दिवस निसर्गानं आखलेले नाहीत. रॉबर्ट वेस्ट यांनी २००५ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला की या रेषा मनमानी आहेत आणि माणसं इतकी शिस्तीत योजना करत नाहीत. मला तो आक्षेप पटतो. नाना एकाच तासात बीपीच्या गोळ्यांबाबत ‘टिकवणं’मध्ये होते, शनिवारच्या अद्ध्याबाबत ‘विचार चालू’मध्ये, आणि ‘तुम्ही दारूडे आहात’ या वाक्याबाबत ‘विचारच नाही’मध्ये. टप्पा माणसावर चिकटवायचं लेबल म्हणून निरुपयोगी आहे. कुठे पाय टाकायचा नाही हे तो सांगतो, इतपत मी त्याचा उपयोग करतो.

प्रेरणात्मक मुलाखत हे वेगळं प्रकरण, पण जन्मवर्ष तेच असल्यानं दोन्हींची गाठ बांधली जाते. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये ती मांडली, नॉर्वेमधल्या तरुण मानसशास्त्रज्ञांशी झालेल्या चर्चांतून. दारूच्या समस्या असलेल्यांशी ते प्रत्यक्षात कसे बोलतात हे त्या मंडळींनी त्यांना करून दाखवायला लावलं होतं. पुढे २००९ मध्ये मिलर आणि त्यांचे सहलेखक रोलनिक यांनी स्पष्ट लिहिलं की ही पद्धत टप्प्यांच्या सिद्धांतावर उभी नाही. आपल्या प्रशिक्षणांत मात्र दोन्ही एकाच स्लाइडवर असतात. फरक प्रत्यक्षात महत्त्वाचा आहे. टप्पा मी भेटीला एकदा नोंदवतो. पेशंटच्या तोंडची बदलाची भाषा मात्र मिनिटामिनिटाला वरखाली होते, आणि ती माझ्या वाक्यांनीच वरखाली होते, हे ‘आजपासूनच’नं दाखवून दिलं.

आठवड्यानं रिपोर्ट आला. लिव्हरचा जीजीटी हा आकडा ११८, नेहमीच्या मर्यादेच्या जवळपास दुप्पट. रिपोर्ट हातात आला की डॉक्टरच्या अंगात वकील शिरतो. मी आधी विचारलं, “लिव्हरच्या तपासणीबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?” मग आकडा सांगितला, दारूनं तो वाढतो आणि थांबल्यावर काही आठवड्यांत बऱ्याचदा उतरतो एवढंच सांगितलं, आणि परत विचारलं, “यावर तुम्हाला काय वाटतं?” नाना कागद बराच वेळ बघत राहिले. “हा एंट्री दोनदा मारल्यासारखा आहे,” म्हणाले. त्या वाक्यात मी भर घातली नाही.

आणि मग त्यांनीच विचारलं, “श्रावणापासून करू का?”

इथे दोन खड्डे होते. पहिला इंदूरचा. मार्केटमधल्या हिंदी लोकांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो, त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो म्हणून. त्यांचे सोबती आधी सोडणार आणि आधी सुरू करणार, म्हणजे नानांच्या शेवटच्या पंधरा दिवसांत आजूबाजूला बाटल्या उघडलेल्या असणार. आणि आपल्या श्रावणाच्या आदल्या दिवशी गटारी. मी नुसतं विचारलं, “गटारीचं काय?” त्यांनी आधी हसण्यावारी नेलं, मग म्हणाले, “त्या दिवशी पोराला घेऊन पाताळपाणीच्या धबधब्याला जातो.”

दुसरा खड्डा मोठा. श्रावणातली दारूबंदी बाहेरून कृतीसारखी दिसते, पण ती ठरलेल्या तारखेला संपणारी शस्त्रसंधी असते. नानांनी पंधरा श्रावण पाळले होते आणि पंधरा वेळा भाद्रपदात तिथेच आले होते. उलट महिनाभर थांबलो म्हणजे ‘मला व्यसन नाही’ याचा दाखला मिळायचा. मी त्यांना म्हटलं, “श्रावण तुम्हाला जमतो हे दिसतंच आहे. मला उत्सुकता आहे ती श्रावण संपल्यावरच्या पहिल्या सोमवारची.” हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. पुढची पंचवीस मिनिटं आम्ही फक्त त्या एका संध्याकाळबद्दल बोललो: साडेनऊला शटर पडल्यावर डोक्यातली बेरीज कशानं थांबेल? वर्षानुवर्षं ते काम क्वार्टर करत होती. उत्तर त्यांनी दिलं, मला सुचलं नसतं. घरी सरळ न जाता राजवाड्याहून थोडं अंतर चालत जायचं आणि मग रिक्षा धरायची. बटवा वहिनींकडे देणं, मित्रांना सांगणं वगैरे माझ्या सूचना त्यांनी ऐकल्या आणि ‘बरं’ म्हणाले. यावेळी मी तो शब्द ओळखला आणि सूचना मागे घेतल्या.

श्रावण कोरडा गेला. सप्टेंबरच्या मध्याला बीपी १३६/८६, गोळ्या त्याच. जीजीटी ५४. भाद्रपदाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी नाइंटी घेतली, तिसऱ्या दिवशी नाही, मग गणपती बसले म्हणून दहा दिवस नाही. पितृपक्षात आठवड्याला दोनदा. दिवाळीत, भाऊबीजेला मेव्हण्याकडे, अद्धा. दुसऱ्या दिवशी ते आपणहून आले नाहीत, मीच फोन करवला. आले तेव्हा पडलेला चेहरा. “सगळं गेलं डॉक्टरसाहेब.”

“जुलैमध्ये आठवड्याला पाच क्वार्टर आणि एक अद्धा होता. भाऊबीजेच्या आठवड्यात?”

हिशेबनीस माणूस. मनातल्या मनात बेरीज केली. जुलैत १२७५ मिली. त्या आठवड्यात अद्धा आणि एक नाइंटी, म्हणजे ४६५. “तिसऱ्या हिश्शाच्या थोडं वर,” म्हणाले, आणि खुर्चीत जरा सरळ बसले. मग विचारलं, मेव्हण्याकडे नेमकं केव्हा ठरलं की आता घ्यायचीच? बाटली उघडल्यावर नाही. त्याआधी तासभर, मेव्हण्यानं पगार विचारला तेव्हा. पुढच्या वेळी तिथे जायचं तर जेवून निघायचं, असं त्यांनी स्वतः ठरवलं.

हे यश आहे का, असं माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरनं विचारलं. त्याचं म्हणणं, पूर्ण बंद झाली नाही तर काय मिळवलं? त्यावर मी गोव्याचा अभ्यास सांगतो. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ऑडिटचे गुण बारा ते एकोणीस असलेल्या ३७७ पुरुषांवर, प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांकडून याच पद्धतीवर बेतलेल्या जास्तीत जास्त चार भेटींचा प्रयोग झाला, निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी गुण आठाच्या खाली आलेले समुपदेशनाच्या गटात ३६ टक्के, नेहमीच्या उपचारात २६ टक्के. म्हणजे शंभरात दहा जास्त. मला हा आकडा निराश करत नाही, जागेवर ठेवतो. शंभरातले चौसष्ट चांगलं बोलूनही त्या रेषेखाली येत नाहीत, आणि नानांचे गुण त्या अभ्यासाच्या वरच्या टोकाला होते. वडील लिव्हरनं गेलेल्या माणसानं पूर्ण थांबावं हे माझं मत आहे, आणि ते मी त्यांना नोव्हेंबरमध्ये एकदा सांगितलं, आधी ‘माझं मत सांगू का’ असं विचारून. ते म्हणाले, “माहीत आहे. अजून तिथे नाही.”

फेब्रुवारीच्या नोंदीत असं आहे: बुधवार आणि शनिवार, प्रत्येकी एक नाइंटी, गच्चीत नाही. बीपी १३४/८४, एक गोळी अर्धी केली. महत्त्व आठ, खात्री सहा. ‘सहा का, तीन का नाही’ विचारल्यावर त्यांचं उत्तर मी तसंच उतरवून ठेवलंय: “परवा पोरानं विचारलं, बाबा, आज कुठला वार?”